जन्मतारखेची चूक आणि बंद पडू पाहणारे खाते



या पानावर मी दर खेपेला बेणे, खत, हुमणी, खोडवा याबद्दल लिहितो. यावेळी विषय वेगळा आहे. गेल्या जुलैत, म्हणजे २०२५ साली, आडसाली लागणीच्या नोंदी चालू असताना आपले एक जुने सभासद गटऑफिसात आले. त्यांना आपण अण्णा म्हणू. नोंदीचे काम झाले तरी अण्णा उठेनात. मी विचारले, "अण्णा, अजून काही राहिलं का?" तर खिशातून मोबाईल काढून म्हणाले, "साहेब, ह्यात बघा जरा. हे म्हणतंय मी लहान आहे. आईबापाला घेऊन या म्हणतंय. आता कुठनं आणू?"

बसलेली सगळी मंडळी हसली. मीही हसलो. पण मजकूर वाचल्यावर हसू थांबले. गूगलकडून आलेली ती सूचना होती. आपले वय स्वतःचे खाते चालवण्याइतके नाही, चौदा दिवसांत एकतर पालकाची देखरेख लावून घ्या किंवा वयाचा पुरावा द्या, नाहीतर खाते बंद करण्यात येईल, असा त्याचा अर्थ. चौदातले पाच दिवस कधीच गेले होते. सूचना ई-मेलवरही आली होती, पण अण्णा ई-मेल कशाला उघडतील?

त्या खात्यात काय होते ते सांगतो, म्हणजे गोष्ट किती गंभीर होती ते कळेल. तोडणी मुकादमांचे, ट्रॅक्टरवाल्यांचे, खतवाल्यांचे, पाहुण्यांचे सगळे फोन नंबर त्या खात्यात साठवलेले होते. सातबारा, आठ अ, बँकेचे पासबुक, विहिरीच्या हिश्शाचा जुना स्टँप यांचे फोटो त्यात होते. आमच्या काकू दोन वर्षांपूर्वी वारल्या, त्यांचे शेवटच्या वारीचे फोटोही त्यातच. खाते बंद झाले तर फोन वाजायचा थांबत नाही, व्हॉट्सअॅपही नंबरवर चालते म्हणून चालत राहते. पण ई-मेल, साठवलेले फोटो, नंबरांची यादी, प्ले स्टोअर हे सगळे कुलूपबंद होते. व्हॉट्सअॅपच्या गप्पांची जी प्रत ठेवली जाते तीसुद्धा अँड्रॉइड फोनवर गूगलच्याच खात्यात असते. आणि खाते बंद झाल्यावर तीस दिवसांत काही केले नाही तर खाते आणि त्यातला माल कायमचा पुसला जातो.

आता चौसष्ट वर्षांचा माणूस कंपनीच्या लेखी लहान कसा झाला? तपास केला तेव्हा कळले. अण्णांचा नातू पाचवीत आहे. घरचा फोन तोच जास्त हाताळतो. ज्याचा वाढदिवस असेल त्याला गूगलच्या पानावर त्या दिवशी केकाचे चित्र दिसते, असे त्याने शाळेत कुणाकडून तरी ऐकले होते. म्हणून पठ्ठ्याने खात्यात जाऊन आजोबांच्या तारखेच्या जागी स्वतःची घातली, ९ नोव्हेंबर २०१४. आजोबा क्षणात साडेदहा वर्षांचे झाले. पोराच्या मनात वाईट काही नव्हते, पण यंत्राला मन कळत नाही, त्याला आकडा कळतो.

आपल्या धंद्यातलेच उदाहरण देतो. कारखान्याकडे आपण उसाची लागण तारीख नोंदवतो. तोडणीचा कार्यक्रम त्या तारखेवर लागतो. जुलैची आडसाली चुकून जानेवारीची सुरू म्हणून नोंदली गेली, तर प्लॉट तयार होऊन पडतो आणि तोड मात्र येत नाही. आपल्याकडे निदान चिटबॉय बांधावर येऊन डोळ्यांनी ऊस बघतो. मोबाईल कंपनीचा चिटबॉय कुणाच्या बांधावर येत नाही. खाते उघडताना जो आकडा भरला तेच तिच्या लेखी तुमचे वय.

हिशेब दोन आकड्यांवर चालतो. पहिला आकडा १३. आपल्या देशात स्वतःचे गूगल खाते स्वतः चालवायला तेरा वर्षे पुरी लागतात. त्याखालचे मूल पालकाच्या देखरेखीखाली खाते वापरू शकते, एकट्याने नाही. दुसरा आकडा १८. तेरा ते सतरा या वयात खाते स्वतःचे असते, पण काही दारे बंद आणि काही अर्धवट लावलेली असतात. अठरा पूर्ण झाले की दारे उघडतात.

तेरा ते सतरामधली बंधने थोडी सांगतो. यूट्यूबवर काही व्हिडिओ मोठ्यांसाठी म्हणून राखलेले असतात, ते उघडत नाहीत. पोराने स्वतः व्हिडिओ चढवला तर तो आपण होऊन खाजगी राहतो, मुद्दाम बदलल्याशिवाय जगाला दिसत नाही. एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होण्याची जी सवय आहे ती मुळात बंद ठेवलेली असते, आणि मधून मधून थांबा, विश्रांती घ्या अशी आठवण येते. एकट्याने थेट प्रक्षेपण करायला पूर्वी तेरा वर्षे चालत, जुलै २०२५ पासून सोळा लागतात. शोधताना अश्लील चित्रे गाळली जातात. पोराच्या आवडीनिवडीवर नजर ठेवून त्याला जाहिराती दाखवल्या जात नाहीत. तो कुठे कुठे फिरला याची नोंदवही, जिला `Timeline` म्हणतात, ती चालूच करता येत नाही. प्ले स्टोअरमधून प्रौढांसाठीची अॅप उतरत नाहीत.

वाचताना लक्षात आले असेल की ही बंधने मुलांच्या भल्याची आहेत, आणि माझेही तेच मत आहे. अडचण होते ती चुकीच्या माणसाला बसल्यावर. आणि त्याहून मोठी अडचण, ज्याला बसायला हवीत त्याला न बसल्यावर. त्याकडे मी शेवटी येतो.

आधी अण्णांचे काम कसे झाले ते सांगतो, कारण तसाच प्रसंग कुणावरही येऊ शकतो.

पहिली गोष्ट मी केली ती म्हणजे सूचना खरी आहे का हे पाहिले. तुमचे खाते बंद होणार, खालच्या दुव्यावर बोट लावा, असे खोटे निरोप आजकाल फार फिरतात. त्यात दुवा दाबला की हुबेहूब पान उघडते आणि पासवर्ड मागते. म्हणून निरोपातल्या दुव्याला हातच लावायचा नाही. फोनच्या सेटिंगमध्ये जायचे, तिथे Google असे लिहिलेले असते ते उघडायचे, आणि `Manage your Google Account` या जागी जायचे. किंवा ब्राउझरमध्ये स्वतःच्या हाताने `myaccount.google.com` असे टाइप करायचे. सूचना खरी असेल तर ती तिथेही दिसते. तिथे काही नसेल तर निरोप लबाडाचा समजावा. फोन करून कुणी ओटीपी मागत असेल तर तोही लबाडच. वयाच्या कामासाठी फोनवर कुणालाही ओटीपी सांगावा लागत नाही.

अण्णांची सूचना खरी निघाली. मग `Personal info` हा भाग उघडला. फोन मराठीत असेल तर तिथे वैयक्तिक माहिती असे दिसते. त्यात `Birthday`, म्हणजे वाढदिवस, अशी ओळ आहे. तिथे २०१४ साल बसलेले होते. मला वाटले, साल बदलले की झाले. पण तसे नाही. एकदा तेराच्या खालचे वय नोंदले गेले की कंपनी नुसत्या शब्दावर परत मोठे करत नाही. नाहीतर प्रत्येक पोराने तेच केले असते! ती पुरावा मागते. पुरावा दोन प्रकारे देता येतो. एक, क्रेडिट कार्ड. दोन, जन्मतारीख असलेल्या सरकारी ओळखपत्राचा फोटो.

क्रेडिट कार्ड म्हटल्यावर अण्णांनी लगेच पाकिटातून किसान क्रेडिट कार्ड काढले. नावात क्रेडिट आहे खरे, पण बँक आपल्याला जे देते ते रुपे डेबिट कार्ड असते. इथे ते कामाचे नाही. ज्यांच्याकडे खरे क्रेडिट कार्ड आहे त्यांच्या खात्यावर तपासणीपुरती बारीकशी रक्कम तात्पुरती अडकवली जाते आणि मोकळी होते, ती फी नव्हे. आपल्यापैकी बहुतेकांना मात्र ओळखपत्राचाच रस्ता आहे.

आता ओळखपत्र. अण्णांनी आधार दिले. त्यावर बघतो तर जन्मतारीख नाहीच, नुसते जन्म वर्ष १९६१ एवढेच छापलेले. आपल्याकडे हे फार आहे. आधार पहिल्यांदा निघाले तेव्हा ज्यांच्याजवळ दाखला नव्हता त्यांचे वय सांगण्यावरून लिहिले गेले आणि पुष्कळांच्या कार्डावर फक्त साल आले. जिथे दिवस, महिना, वर्ष तिन्ही जुळवायचे आहेत तिथे असे कार्ड उपयोगी पडत नाही. सभासदांनी आजच आपापले कार्ड काढून पाहावे. अण्णांकडे ट्रॅक्टर चालवण्याचा परवाना होता. त्यावर पूर्ण तारीख होती, १ जून १९६१, आणि मुदतही चालू होती. मुदत संपलेला परवाना देऊ नये.

ती १ जून बघून मी अण्णांकडे पाहिले आणि अण्णा हसले. माझी स्वतःची तारीखही १ जूनच आहे! आपल्या भागात निम्मा गाव १ जूनला जन्मलेला असतो. जूनमध्ये शाळा सुरू व्हायची, गुरुजी पोराला दारात उभे करून उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लागतो का बघायचे, लागला की सहा वर्षे धरून १ जून लिहून टाकायचे. अण्णांच्या आई सांगायच्या की पोरगा दिवाळीत झाला. पण खात्यात दिवाळीची तारीख घालून चालणार नाही. यंत्राच्या लेखी खरी तारीख म्हणजे कागदावरची तारीख. कागद आणि खाते यांत एक दिवसाचा फरक असला तरी तपासणारा अडतो. म्हणून खात्यात तीच तारीख भरावी जी ओळखपत्रावर आहे, मग आई काहीही सांगो.

फोटो काढताना आमची एक फेरी फुकट गेली. परवान्याच्या गुळगुळीत पृष्ठावर ट्यूबलाइटची तिरीप पडली आणि सालाचे शेवटचे दोन आकडे पांढरे झाले. तो फोटो नाकारला गेला. दुसऱ्या वेळी मी परवाना ओट्यावर सावलीत ठेवला, चारही कोपरे दिसतील असा वरून फोटो घेतला आणि पाठवायच्या आधी मोठा करून वाचून पाहिला. आपल्याला वाचता आला तर तपासणाऱ्यालाही येतो. ओळखपत्राचा फोटो कंपनीकडे कायम राहतो का, असे अण्णांनी विचारले. प्रश्न रास्त होता. वय पटल्यावर तो पुसला जातो असे कंपनीने लिहून दिलेले आहे. मात्र तो फोटो त्या पानावरच चढवायचा. अमुक माणूस काम करून देतो म्हणाला म्हणून व्हॉट्सअॅपवर पाठवायचा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी निरोप आला की जन्मतारीख मान्य झाली. चौदातले आठ दिवस तेव्हा उरले होते. मी मध्ये आणखी एक काम करून घेतले होते, ते सभासदांनी ध्यानात ठेवावे. खाते अजून उघडे होते तेवढ्यात `takeout.google.com` येथून अण्णांचे फोटो आणि नंबरांची यादी उतरवून घेतली आणि पुतण्याच्या कॉम्प्युटरवर ठेवली. पुरावा नाकारला गेला असता तरी माल हातात राहिला असता. नोटीस आली की आधी माल घरात घ्यावा, मग भांडत बसावे. ज्यांची मुदत संपून खाते बंदच झाले असेल त्यांनीही घाबरून नवीन खाते काढू नये. त्याच खात्यात शिरण्याचा प्रयत्न केला की पुरावा देण्याची वाट समोर येते. मात्र ती तीस दिवसच.

अण्णांची चूक बोंब मारणारी होती, म्हणून कळली तरी. दुसऱ्या जातीची चूक गप्प असते. अण्णांचे काम झाल्याची बातमी पसरल्यावर एक तरुण सभासद आले. त्यांचा जन्म १९८९ चा. खाते दुकानदाराने काढून दिले होते आणि घाईत साल २००९ पडले होते. म्हणजे कंपनीच्या लेखी ते सोळा वर्षांचे, तेराच्या वर, म्हणून नोटीस कधी आलीच नाही. तीन वर्षे त्यांना वाटत होते की फोनच खराब आहे. `Timeline` चालू होत नाही म्हणून त्यांनी फोन दोनदा दुकानात नेला. यूट्यूबवर काही व्हिडिओ वयाचे कारण सांगून उघडत नसत, तर त्यांना वाटायचे नेटच्या पॅकमध्ये ती सोय नाही. अशा खुणा दिसल्या, आणि खात्यात आपण नीट शिरलेलो असूनही दिसल्या, तर फोनला दोष देण्याआधी `Birthday` ची ओळ वाचावी. अर्ध्या मिनिटाचे काम आहे. त्यांनी साल दुरुस्त केले, तिथेही पुरावा मागितला, त्यांनी दिला आणि विषय संपला. दुरुस्त केले नसते तरी २०२७ साली ते त्या खात्यावर अठराचे होऊन आपोआप सुटले असते, पण तोवर कोण थांबणार!

कुणाच्या ओळखपत्रावरच तारीख चुकलेली असेल तर मात्र काम लांबते, आणि ते गूगलच्या हातचे नाही. आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते, म्हणून केंद्रावर जाताना जन्मदाखल्यासारखा पक्का कागद हातात असावा. एक संधी चुकीच्या कागदावर घालवली तर पुढे प्रादेशिक कार्यालयापर्यंत हेलपाटे होतात. खात्याला चौदा दिवसांची नोटीस लागलेली असेल तर आधारची दुरुस्ती व्हायची वाट बघत बसू नये. ज्या दुसऱ्या ओळखपत्रावर तारीख बरोबर आहे ते द्यावे.

आणखी एक. गूगलमध्ये तारीख नीट केली म्हणजे सगळीकडे झाली असे नाही. प्रत्येक कंपनीचे रजिस्टर वेगळे. पोरे वापरतात त्या इन्स्टाग्रामवर तारीख वेगळी भरलेली असते. तिथे अठराच्या खालून अठराच्या वर जायचे म्हटले की ओळखपत्र किंवा चेहऱ्याचा छोटा व्हिडिओ मागतात. अमेरिकेत तर यूट्यूबने ऑगस्ट २०२५ पासून भरलेल्या तारखेवर विसंबणेच कमी केले. माणूस काय बघतो यावरून यंत्र वयाचा अंदाज करते आणि लहान वाटला तर बंधने लावते. म्हणजे तिकडे तारीख बरोबर असली तरी अंदाज चुकू शकतो, आणि मोठ्या माणसाला मी मोठा आहे हे दाखवायला पुन्हा पुरावाच द्यावा लागतो. ज्या सभासदांची मुले तिकडे आहेत त्यांच्या कानावर हे घालावे.

आता शेवटी ठेवलेली गोष्ट. ती माझ्या स्वतःच्या घरची आहे आणि सांगताना मला थोडी लाज वाटते.

अण्णांच्या फोनची दुरुस्ती करून मी रात्री घरी गेलो आणि सहज धाकट्या मुलीचा फोन पाहिला. ती बारा वर्षांची. शाळेचा अभ्यास फोनवर येतो म्हणून तिला जुना फोन दिला होता. खाते ज्या दुकानात काढले तिथल्या पोराने तिची खरी तारीख घातली तेव्हा यंत्राने पालक मागितला. मी त्या वेळी शेतावर होतो. दुकानदाराला गिऱ्हाईक सोडायचे नव्हते, त्याने साल १९९० टाकून दिले आणि काम झाले म्हणून फोन हातात दिला. मीही विचारले नाही. म्हणजे दोन वर्षे माझी मुलगी कंपनीच्या लेखी पस्तीस वर्षांची बाई होती. तिला कर्जाच्या आणि लग्नाच्या जाहिराती येत होत्या. मोठ्यांसाठी राखलेले व्हिडिओ तिच्यासाठी उघडे होते. तिने नाचाचे तीन व्हिडिओ चढवले होते ते गावात नव्हे, जगात कुणालाही दिसत होते, आणि त्याखाली अनोळखी माणसांनी लिहिलेले मी वाचले. ते इथे लिहीत नाही.

अण्णांची तारीख चुकली तर अण्णा ओरडले. मुलांची तारीख अशी वर चढवली तर कुणीच ओरडत नाही. पोरांना हवे ते सगळे मिळते, दुकानदाराचे काम होते, आपल्याला नोटीस येत नाही. म्हणून ही चूक वर्षानुवर्षे राहते. सभासदांपैकी कितीजणांच्या घरी असे असेल याचा अंदाज मी करत नाही, पण त्या आठवड्यात गटऑफिसात ज्या चार मुलांचे फोन पाहिले त्यांपैकी तिघांची साले खोटी निघाली.

दुरुस्ती कशी केली ते सांगतो. इथे घाई करू नये. कारण मुलीची खरी तारीख घातली की ती तेराच्या खाली येते आणि अण्णांना आली तीच चौदा दिवसांची नोटीस तिलाही लागते. फरक एवढाच की तिला पुरावा द्यायचा नसतो, पालक द्यायचा असतो. म्हणून आधी तयारी करावी. मी प्रथम तिला जवळ बसवून सगळे समजावले. न सांगता केले असते तर तिने मैत्रिणीकडून तिसरे खाते काढून घेतले असते, हे मला बापाच्या अनुभवाने माहीत आहे. मग तिचे जे फोटो आणि व्हिडिओ तिला हवे होते ते उतरवून घेतले. मग माझ्या फोनवर `Family Link` हे अॅप घेतले, माझे स्वतःचे खाते आणि पासवर्ड चालू आहे ना पाहिले. एवढे झाल्यावर तिच्या खात्यात खरी तारीख घातली. यंत्राने पालकाची देखरेख हवी असे म्हटले, मी माझ्या खात्याने संमती दिली आणि तिचे खाते माझ्या खात्याला जोडले गेले.

आता तिने नवीन अॅप मागितले की माझ्या फोनवर विचारणा येते. रात्री दहानंतर तिचा फोन झोपतो. यूट्यूबवर कोणत्या वयाचे बघायचे ते मी ठरवतो. ती व्हिडिओवर काही लिहू शकत नाही आणि तिच्याखाली कुणी लिहू शकत नाही. पहिले चार दिवस घरात अबोला होता. पाचव्या दिवशी तिनेच विचारले की तेरा पूर्ण झाल्यावर काय काय मिळेल, आणि आम्ही दोघांनी बसून ते वाचले. मुलाच्या देखरेखीच्या खात्यात तारीख चुकून पडली असेल तर तीही पालकाच्या `Family Link` मधून दुरुस्त होते, दुकानात जायचे कारण नाही.

एक मर्यादाही सांगून ठेवतो. मुलीचे खाते बरोबर असले तरी ती माझ्या फोनवर माझ्या खात्याने बसली तर ही सगळी बंधने गेली. त्या क्षणी यंत्राच्या लेखी माझे खाते वापरणारा मीच. अण्णांच्या घरी हेच होते, एकच फोन आणि आजोबांचे खाते. तारीख परत १९६१ झाल्यावर नातवाला पुन्हा सारे खुले झाले. म्हणून अण्णांच्या सुनबाईंनी त्याच फोनवर नातवाचे वेगळे, देखरेखीचे खाते न काढता, फोनला कुलपाचा आकडा घातला, आणि पोराला टीव्हीजवळच्या जुन्या टॅबवर त्याचे स्वतःचे खाते त्याच्या खऱ्या तारखेने काढून दिले. अण्णांना तो आकडा पाठ होत नाही, ही आता नवीन तक्रार आहे.

आपल्या देशाच्या २०२३ च्या डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या सर्वांना मूल म्हटले आहे आणि त्यांची माहिती घेण्यासाठी पालकाची पडताळलेली संमती लागेल असे ठरवले आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून कंपन्यांवरची मुख्य बंधने टप्प्याटप्प्याने लागू व्हायची आहेत. म्हणजे तेराचा आकडा जाऊन पुढे अठरापर्यंत पालकाला विचारणा होणार. खोटी साले घालून काढलेली खाती तेव्हा जास्त अडचणीत येतील, म्हणून ती आताच नीट केलेली बरी.

गटऑफिसात नोंदीचे काम संपल्यावर दुपारी तीननंतर मी असतो. ज्यांना आपल्या किंवा मुलांच्या फोनवरची तारीख बघायची आहे त्यांनी यावे. येताना फोन भरलेला असावा, खात्याचा पासवर्ड माहीत असावा, आणि पूर्ण जन्मतारीख छापलेले, मुदत चालू असलेले ओळखपत्र बरोबर असावे. मुलाचे काम असेल तर मुलाला आणि त्याच्या आईला किंवा वडिलांना, दोघांचे फोन घेऊन, बरोबरच आणावे. नोटीस आलेली असेल तर ती कोणत्या तारखेला आली ते पाहून ठेवावे, कारण दिवस तिथून मोजायचे असतात.